‘गोल झडप’ लिहिलं आणि एक इंच कमी पडला

प्रश्न : लातूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या पाइपिंगच्या कामासाठी इंग्रजी व्हॉल्व्ह शेड्यूल आणि ड्रॉइंगवरच्या टिपा मराठीत करून द्यायच्या आहेत. वाचणारे फिटर आहेत, बरेचसे दहावी किंवा आयटीआय झालेले. गेट, ग्लोब, बॉल, चेक या व्हॉल्व्हना मराठीत काय म्हणायचं? आणि फ्लँजच्या ‘क्लास 150’ला ‘150 पाउंड दाब’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर :

आधी पदरचा अनुभव सांगतो, कारण यातली सगळ्यात महागडी चूक मी स्वतः करून बसलो आहे. मी पाइपिंग सुपरवायझर म्हणून वीसेक वर्षं साइटवर काढली. त्यातली बरीच वर्षं मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत आणि डिस्टिलरींत गेली. भाषांतराचं काम ओघाने अंगावर आलं, कारण ऑफिसात मराठी नीट लिहिणारा मीच होतो.

पहिल्या वेळी मी शब्दकोश घेऊन बसलो. व्हॉल्व्हला ‘झडप’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द होताच. ग्लोब म्हणजे गोल, म्हणून ‘गोलाकार झडप’. बॉल म्हणजे चेंडू, म्हणून ‘गोल झडप’. कागदावर दोन्ही छान दिसत होते. वाफेचा दाब कमी करणाऱ्या पीआरव्हीला बगल देणारी एक दोन इंची बायपास लाइन होती आणि तिच्यावर ग्लोब व्हॉल्व्ह बसवायचा होता. फिटर कागद घेऊन स्टोअरमध्ये गेला आणि म्हणाला, ‘दोन इंची गोल वॉल द्या.’ स्टोअरकीपरने बॉल व्हॉल्व्ह काढून दिला. त्याचं काय चुकलं?

लाइन बसवताना आमचे जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, माझ्याकडे आले. म्हणाले, ‘साहेब, इथं एक इंच कमी पडायलंय.’ दोन फ्लँजमधलं अंतर ड्रॉइंगप्रमाणे 203 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसाठी सोडलेलं होतं आणि हातातला व्हॉल्व्ह 178 भरत होता. मला वाटलं, पाइप कापताना चूक झाली असेल. मी सांगून टाकलं, पाइपचा तुकडा वाढवून घ्या. त्या एका इंचात सगळी गोष्ट लिहिलेली होती आणि ती मी वाचली नाही. क्लास 150 मध्ये दोन इंची ग्लोब व्हॉल्व्हची फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंतची लांबी 203 मिलिमीटर असते. त्याच मापाच्या गेट किंवा बॉल व्हॉल्व्हची 178 असते. मामा मला चुकीचा व्हॉल्व्ह आलाय हेच सांगत होते, फक्त त्यांच्या भाषेत.

पुढे गाळप सुरू झालं. पीआरव्ही दोन दिवस दुरुस्तीला काढला आणि ऑपरेटरने बायपासवरून वाफ चालवली. बॉल व्हॉल्व्हचं हँडल जरासं तिरकं, म्हणजे दहा-पंधरा अंशांवर ठेवून. बॉल व्हॉल्व्हच्या आत टेफ्लॉनची सीट असते. अर्धवट उघड्या फटीतून वाफ भन्नाट वेगाने निघते आणि सीटची कड खात जाते. पीआरव्ही परत बसवला, बायपास बंद केला, आणि मग रात्री वाफेची मागणी कमी झाली की कमी दाबाच्या बाजूचा काटा साडेतीन केजीवरून हळूहळू पाचाकडे सरकायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागायचा. सगळ्यांनी संशय पीआरव्हीवर घेतला. तो दोनदा उघडून साफ केला, पण आत काही सापडेना. शेवटी पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंचे गेट व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं. काटा तरी चढतच होता. म्हणजे वाफ बायपासमधून येत होती. तो बॉल व्हॉल्व्ह थंड करून, लाइन रिकामी करून उतरवला, तर सीटची एक बाजू उंदराने कुरतडल्यासारखी झालेली.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. व्हॉल्व्हचं नाव भाषांतरित करायचं नाही. गेट व्हॉल्व्ह, ग्लोब व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह ही नावं देवनागरीत तशीच लिहायची. फिटर ते ‘गेट वॉल’, ‘बॉल वॉल’ असं वाचणार, वाचू द्या. स्टोअरच्या रॅकवर, बिलावर, कंपनीच्या पाटीवर हेच शब्द आहेत. मराठी शब्द कितीही गोड असला तरी रॅकवर तो सापडत नसेल तर फिटरच्या उपयोगाचा नाही. ‘झडप’ हा शब्द मला आवडतो, पण आपल्या लोकांना तो हृदयाच्या संदर्भात जास्त ओळखीचा आहे.

चेक व्हॉल्व्हचं ‘तपासणी झडप’ झालेलं मी एका छापील पुस्तिकेत पाहिलं आहे. इथल्या ‘चेक’चा तपासणीशी संबंध नाही, तो उलट्या प्रवाहाला अटकाव करण्याचा आहे. साइटवर याला सगळे एनआरव्ही म्हणतात. कागदावर ‘चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही’ असं एकदा लिहा आणि पुढे एनआरव्हीच चालवा.

मग मराठीत आणायचं काय? व्हॉल्व्हच्या आत काय हलतं, हाताने काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढं. हे मात्र अस्सल मराठीत आणता येतं आणि तिथे आपली भाषा कुठेच कमी पडत नाही.

गेट व्हॉल्व्हच्या आतल्या भागाला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पाचर. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात तीच. चाक फिरवलं की ही पाचर वाटेत उतरते आणि दोन सीटांच्या मध्ये घट्ट बसते. इंग्रजी टिपेत लिहिलेलं असतं की हा थ्रॉटलिंगसाठी नाही. ‘थ्रॉटलिंग’ देवनागरीत लिहून काही उपयोग नाही. लिहा : ‘पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवायचा नाही.’ आणि खाली कारण द्या, नाहीतर पाळणार नाहीत. मला एका पोराने विचारलं होतं, ‘साहेब, जायकवाडीचे दरवाजे तर अर्धा फूट उचलून ठेवतात की.’ प्रश्न बरोबर होता. धरणाचा दरवाजा अर्धवट उघडून पाणी सोडण्यासाठीच बांधलेला असतो. पाइपमधली पाचर तशी नसते. पूर्ण खाली बसली की तिला दोन्हीकडून आधार मिळतो, पूर्ण वर गेली की ती वाटेतून बाहेर असते. मध्ये असताना ती नुसती लोंबकळते, प्रवाहाने थरथरते आणि खालची कड झिजते. मग बंद केला तरी व्हॉल्व्ह गळतो. म्हणून गेट व्हॉल्व्हला ‘दरवाजा’ म्हणू नका. शब्द समजतो, पण सोबत धरणाचं चित्र घेऊन येतो.

ग्लोब व्हॉल्व्हमध्ये चकती वरून खाली येऊन सीटवर टेकते, आणि वाट सरळ नसते, वळसा घालून जाते. कमी-जास्त करायचं काम याचं. फिटरला ओळखायची खूण द्या : व्हॉल्व्ह पूर्ण उघडून एका तोंडातून पाहा. आरपार दिसलं तर गेट किंवा बॉल, नाही दिसलं तर ग्लोब. ही एक ओळ अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडते. अंगावर बाण असेल तर तो पाळायचा, हेही लिहा.

बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो आणि बंद होतो. हँडल पाइपाच्या रेषेत असेल तर उघडा, पाइपाला आडवं असेल तर बंद. इथे एक पुस्ती जोडत जा. हँडल काढून परत लावताना कुणी नव्वद अंशांनी चुकवलं, तर बाहेरून उघडा दिसणारा व्हॉल्व्ह आतून बंद असतो. बऱ्याच व्हॉल्व्हच्या स्पिंडलच्या डोक्यावर एक खाच असते, ती भोकाची दिशा दाखवते. शंका आली तर खाच पाहा, हँडल नको. आणि लाइनवर वेल्डिंग करायचं असेल तर टेफ्लॉन सीटची काळजी काय घ्यायची हे कंपनीच्या पुस्तिकेवर अवलंबून आहे. काही व्हॉल्व्ह सुटे करून वेल्ड करायला सांगतात, काही पूर्ण उघडे ठेवून. ते तुमच्या मनाने लिहू नका, इंजिनियरला विचारा.

एनआरव्हीच्या टिपेत खरी अडचण ‘आडवा’ आणि ‘उभा’ या शब्दांची आहे. ‘आडवा बसवा’ असं लिहिलं तर आडवी लाइन की आडवा पाडलेला व्हॉल्व्ह? मी एका पंपाच्या डिलिव्हरीवर एनआरव्ही झाकण बाजूला करून बसवलेला पाहिला आहे. आतलं पान बिजागरीवर झुलतं, ते वजनाने खाली यायला हवं. झाकण बाजूला गेलं की ते सीटवर नीट बसत नाही. म्हणून लाइन आणि व्हॉल्व्ह वेगळे सांगा : ‘लाइन आडवी असेल तर झाकण वर. लाइन उभी असेल तर पाणी खालून वर जाणारं हवं, वरून खाली जाणाऱ्या लाइनवर हा बसवायचा नाही.’ स्प्रिंगचे एनआरव्ही वेगळे असतात, ही ओळ झुलत्या पानाच्या एनआरव्हीची आहे, हेही लिहून ठेवा.

आता क्रियापदांकडे येतो. माझ्या मते नावांपेक्षा घोटाळा इथेच जास्त होतो आणि तो इंग्रजीतून येत नाही, आपल्याच मराठीतून येतो.

‘व्हॉल्व्ह लावा.’ याचा अर्थ काय? दार लाव म्हणजे दार बंद कर. दिवा लाव म्हणजे चालू कर. व्हॉल्व्ह लावा म्हणजे बसवा, बंद करा की चालू करा? तिन्ही अर्थ मी ऐकले आहेत. याहून वाईट ‘व्हॉल्व्ह खोला’. मराठवाड्यात हिंदीचा शेजार जुना आहे, शिवाय साइटवर निम्मे वेल्डर आणि फिटर उत्तरेकडचे. ‘खोलणे’ म्हणजे उघडणे, हा एक अर्थ. पण वर्कशॉपमध्ये ‘इंजिन खोललं’ म्हणजे सुटं केलं. वाफेच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह खोला असं कागदावर असेल आणि वाचणाऱ्याने बोनेटच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या नटांना पाना लावला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आमच्याकडे एकदा पाना लागलाही होता. नशिबाने लाइन चालू झालेली नव्हती.

म्हणून मी चार क्रिया ठरवून टाकल्या आहेत आणि सगळ्या कागदांत त्याच वापरतो. जागेवर बसवणं म्हणजे ‘बसवा’. चाक किंवा हँडल फिरवून वाट मोकळी करणं म्हणजे ‘उघडा’. वाट अडवणं म्हणजे ‘बंद करा’. बोल्ट काढून लाइनवरून खाली घेणं म्हणजे ‘उतरवा’. ‘लावा’, ‘खोला’, ‘सोडा’, ‘काढा’ हे शब्द व्हॉल्व्हसाठी कागदावर येऊ देत नाही. बोलताना लोक बोलतीलच, तो त्यांचा हक्क आहे.

याच जातीची दोन संक्षेप-रूपं ड्रॉइंगवर भेटतील. ‘नॉर्मली क्लोज्ड’चं ‘सामान्यतः बंद’ केलं तर वाचणारा समजतो की बहुतेक वेळा बंद असतो, क्वचित उघडा असला तरी चालतं. लिहा : ‘प्लँट चालू असताना बंद ठेवायचा.’ ‘लॉक्ड ओपन’चं ‘कुलूपबंद खुला’ असं केलेलं पाहून मी हसलो होतो, पण फिटर ‘कुलूपबंद’ वाचून थांबला होता. तिथे ‘उघडा ठेवून त्याच स्थितीत कुलूप घालायचं’ असं पूर्ण वाक्यच हवं.

तुमचा दुसरा प्रश्न. क्लास 150ला ‘150 पाउंड दाब’ लिहू नका. साइटवर सगळे ‘दीडशे पाउंड’, ‘तीनशे पाउंड’ म्हणतात, मीही म्हणतो, आणि फ्लँजचं नाव म्हणून ते चालून जातं. कागदावर ‘दाब’ हा शब्द शेजारी आला की नावाचं मोजमाप होतं. क्लास हा आकडा दाबाचा नाही. तो फ्लँजच्या बांधणीचा नंबर आहे, आणि किती दाब सोसणार ते धातू आणि तापमान यांवर ठरतं.

साध्या कार्बन स्टीलचा, म्हणजे ज्याच्या अंगावर डब्ल्यूसीबी ओतलेलं असतं तो व्हॉल्व्ह घ्या. अमेरिकन बी16.5 मानकाप्रमाणे क्लास 150ला 38 अंश सेल्सियसपर्यंत 19.6 बार चालतो, म्हणजे आपल्या गेजवर साधारण 20 केजी. 200 अंशांना तोच आकडा 13.8 बारवर येतो. 300 अंशांना 10.2 आणि 400 अंशांना 6.5. आता 150 पाउंड दर चौरस इंच म्हणजे सुमारे साडेदहा केजी. म्हणजे ‘150 पाउंड दाब’ हे वाक्य थंड पाण्यासाठी निम्मंच सांगतं, 300 अंशांच्या आसपास योगायोगाने खरं ठरतं, आणि त्यापुढच्या तापमानाला धोकादायक खोटं ठरतं. एकाच चुकीने दोन्हीकडून मारलं.

थंड बाजूची चूक मी हायड्रोटेस्टला पाहिली आहे. दहा केजीच्या पाण्याच्या लाइनची टेस्ट 15 केजीवर घ्यायची होती. फिटरांनी पंप थांबवला. म्हणाले, व्हॉल्व्ह दीडशे पाउंडाचा आहे, साडेदहाच्या वर फुटेल. त्यांनी हिशेब करून सांगितलं होतं आणि त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे हिशेब बरोबर होता. कागदच चुकीचा होता. अख्खी दुपार गेली.

तेव्हा टिपेत ‘क्लास 150’ एवढंच लिहा. दाब सांगायचाच असेल तर त्या लाइनचा चालू दाब, तापमान आणि टेस्टचा दाब इंजिनियरकडून घेऊन, केजी आणि अंशांत, वेगळ्या ओळीत लिहा. स्टेनलेस स्टीलचे आकडे वेगळे असतात, आणि बॉल व्हॉल्व्हच्या टेफ्लॉन सीटची मर्यादा तर बॉडीच्या क्लासपेक्षा बरीच खाली येऊ शकते. म्हणून तक्त्यातला आकडा उचलून भाषांतरकाराने टिपेत टाकायचा नाही. वर मी आकडे दिले ते तुम्हाला कळावं म्हणून, फिटरच्या कागदावर उतरवायला नाही.

क्लासच्या टिपेत फिटरला खरोखर उपयोगी काय पडतं? बोल्ट. आणि बोल्ट आपल्याकडे सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार इंची फ्लँजला क्लास 150 मध्ये आठ बोल्ट लागतात, क्लास 300 मध्येही आठच. नुसतं ‘8 बोल्ट’ लिहून फरक कळत नाही. 150ला बोल्ट पाच सुती, 300ला सहा सुती. भोकांच्या वर्तुळाचा व्यास 150ला 190.5 मिलिमीटर, 300ला 200. हे दोन एकमेकांवर बसतच नाहीत, म्हणून तिथे चूक झाली तर लगेच उघडी पडते.

धोका आहे तो जिथे बसतात तिथे. दोन इंची क्लास 300 आणि क्लास 600 घ्या. दोन्हीला आठ बोल्ट, दोन्ही पाच सुती, वर्तुळ दोन्हीचं 127 मिलिमीटर, बाहेरचा व्यासही सारखाच, 165. कोजनच्या, म्हणजे कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या जास्त दाबाच्या बॉयलरपाशी हे दोन्ही एकाच रॅकवर पडलेले असतात. 600च्या जागी 300 बिनबोभाट बसतो आणि कुणाला कळत नाही. ओळख दोन ठिकाणी आहे. एक, फ्लँजच्या कडेवर कोरलेला नंबर, पण तो रंगाखाली जातो. दुसरी, तोंडावरचा उंचवटा. 300ला तो जेमतेम 2 मिलिमीटर असतो, 600ला 7. नखाने कळतो, पट्टी लागत नाही. ड्रॉइंगवर ‘रेज्ड फेस’ची दोन अक्षरं असतात, तिथे मी ‘तोंडावर उंचवटा’ असं लिहितो आणि किती मिलिमीटर तेही लिहितो. हा आकडा इंग्रजी टिपेत नसतो. भाषांतर करताना मी तो इंजिनियरला विचारून घालतो, कारण त्याच्यामुळे फिटर हातातल्या वस्तूची पडताळणी स्वतः करू शकतो.

व्हॉल्व्हच्या लांबीचंही तेच. तो एक इंच मला शिकवून गेला. नाव चुकलं, वाचणारा चुकला, स्टोअरकीपर चुकला, तरी लांबीचा आकडा कुणाच्या भाषेवर अवलंबून नसतो. माझ्या चुकीच्या कागदावर ‘203’ एवढंच लिहिलेलं असतं तर स्टोअरमध्येच टेप लावून व्हॉल्व्ह परत गेला असता.

तोच बायपासचा व्हॉल्व्ह आता कसा लिहितो ते दाखवतो. मूळ ओळ अशी असते :

```
2" GLOBE VALVE, CL150, RF, A216 WCB, PRV BYPASS, NC
```

आणि फिटरच्या हातात जाणारा कागद असा :

```
2 इंची ग्लोब व्हॉल्व्ह (आरपार दिसत नाही)
क्लास 150, अंगावर WCB ओतलेलं
तोंडावर उंचवटा 2 मिमी
तोंडापासून तोंडापर्यंत 203 मिमी
बोल्ट 4, पाच सुती
जागा : पीआरव्हीचा बायपास
बाण पॅनकडे
प्लँट चालू असताना बंद ठेवायचा
```

व्हॉल्व्हच्या अंगावर जी इंग्रजी अक्षरं ओतलेली असतात ती मी कागदावर इंग्रजीतच ठेवतो, कारण फिटरला अक्षर अक्षराशी जुळवायचं असतं, वाचायचं नसतं. तुमच्या ठेकेदाराला हा कागद लांब वाटेल. एका ओळीच्या आठ ओळी झाल्या म्हणेल. लाइनवर चाळीस व्हॉल्व्ह असतील तर सगळ्यांना एवढं लिहायची गरज नाहीच. एकाच प्रकारच्या व्हॉल्व्हचा एक कागद करा आणि खाली टॅग नंबर लिहा. वाफ, जास्त दाब आणि बायपास, एवढ्या ठिकाणी मात्र कंजूषपणा करू नका.

‘बाण पॅनकडे’, म्हणजे साखर शिजते त्या भांड्याकडे, ही ओळ मामांनी सुचवलेली आहे. आधी मी ‘डाउनस्ट्रीम’ला ‘खालची बाजू’ आणि ‘अपस्ट्रीम’ला ‘वरची बाजू’ लिहायचो. नदीच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. मामांनी कागद पाहिला, मान वर करून पाइप पाहिला आणि म्हणाले, ‘पाइप तर खालून वर चाललाय, मग वरची बाजू कुठली धरायची?’ मग ते स्वतःच बोलले, ‘बॉयलरकडची अन् पॅनकडची म्हणा की. ते तर कुणी हलवत नाही.’